पंधरा टक्क्यांवर सुटलेली कुस्ती

लातुरात औसा रोडच्या एका बोळात शिवमूर्ती बिराजदारचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. नवखं गिऱ्हाईक दारातच थबकतं. आत टेबलामागे बसलेला माणूस लॅपटॉप दुरुस्त करणारा वाटतच नाही, मोडणारा वाटतो. फुटून गड्डा झालेले कान, रेड्यासारखी मान, आणि मनगट असं की त्याला घड्याळाचा पट्टा बसत नाही. त्या बोटांत चिमटा धरून तो सुईच्या टोकाएवढा स्क्रू उचलतो तेव्हा बघणाऱ्यालाच धाकधूक होते.

शिवमूर्ती पैलवान होता. चाकूर तालुक्यात त्याच्या नावाला वजन होतं आणि त्या वजनाला भीतीचा वास होता. चोविसाव्या वर्षी नांदेडच्या मैदानात त्यानं समोरच्याचा हात कोपरातून उलटा केला. कटकन आवाज झाला तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पुढच्याच वर्षी त्याच मैदानात त्याचा स्वतःचा उजवा गुडघा गेला. कुणी म्हणालं, फिटंफाट झाली. शिवमूर्तीनं त्या म्हणणाऱ्यालाही कुबडीनं हाणलं होतं.

गुडघा गेलेला पैलवान म्हणजे गावावरून ओवाळून टाकलेला माणूस. खायची सवय पैलवानाची आणि काम कुणाचंच नाही. त्या दिवसांत अनंतराव गुरुजींनी त्याला हाताला धरून आयटीआयला नेऊन बसवलं. अनंतराव चाकूरच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि शाळा सुटली की पंचक्रोशीतल्या कुस्त्यांचे गुण लिहायचे. स्वतः आयुष्यात कधी लंगोट लावला नाही. पण कुणाचा डाव कितव्या सेकंदाला लागला हे ते दहा वर्षांनी विचारलं तरी सांगत. "ज्या हातानं मोडतोस त्याच हातानं जोडायला शीक," एवढंच ते म्हणाले होते. शिवमूर्ती शिकला. राग मात्र गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही अर्धाच जळाला होता.

तो राग दुकानात एका गोष्टीवर निघायचा: बॅटरी. बाजारात कुणाचा लॅपटॉप जरा लवकर बंद पडला की दुकानदार बघायच्या आधीच "बॅटरी गेली, नवी टाका" सांगून मोकळा होतो. शिवमूर्तीला ही चोरी वाटायची. एका माल पुरवणाऱ्यानं त्याला एकदा जुन्या सेलवर नवं वेष्टन चढवून नव्या म्हणून बॅटऱ्या दिल्या. शिवमूर्तीनं त्याला दुकानाच्या शटरवर असा आपटला की त्याचे दोन दात रस्त्यावर पडले आणि शटरला अजून पोचा आहे. तेव्हापासून त्याच्याकडे बॅटरी बदलणं हा शेवटचा इलाज. आधी तो तपासणार, गेज म्हणजे चार्ज मोजणारा काटा रीसेट करणार, आणि मग बोलणार. तो बोलला की तो शब्द पक्का. तिथं दुसरा विचार नाही.

मार्च सरता सरता गुरुजी त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. निवृत्त झाल्यावर ते मैदानात वहीऐवजी लॅपटॉप नेऊ लागले होते. गुण त्यावरच, आणि कॅमेरा जोडून कुस्तीचं चित्रणही त्यावरच. वाद झाला की पंच चित्र मागं फिरवून बघायचे.

"पंधरा टक्के दाखवतो आणि पटकन मरतो," गुरुजी म्हणाले. "इशारा नाही, काही नाही. नागझरवाडीची यात्रा आलीय. नवी बॅटरी टाकू का?"

"टाकायला काय, लोक काळीजबी बदलून देतेत आता," शिवमूर्ती म्हणाला. "आधी बघू द्या."

त्यानं मागचं झाकण काढलं. बॅटरी फुगलेली नव्हती. फुगलेली असती तर त्यानं तिला हातही न लावता बाजूला काढली असती. अहवाल काढला. नवी असताना जेवढी ताकद होती त्यातली सत्तर टक्के शिल्लक दिसत होती. त्यानं मान डोलावली.

"जीव हाय अजून हिच्यात. काटा चुकलाय. गाडीत पेट्रोल संपलेलं असावं आन काटा पाव टाकी दाखवावा, तसं. बॅटरीच्या आत एक हिशेब ठेवणारी चिप असती, तिचा हिशेब हुकलाय. एकदा पूर्ण भरायची, पूर्ण संपवायची, परत भरायची. मग तिला तळ कुठं हाय ते कळतं."

त्यानं तसंच केलं. शंभर टक्के भरली, दोन तास तशीच ठेवली. मग झोपी जायची सोय बंद करून लॅपटॉप टेबलावर नुसता चालू ठेवला. बंद पडल्यावर काही तास थांबून पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी खात्री म्हणून पुन्हा तसाच टेबलावर रिकामा होऊ दिला. आकडा पंधराच्या खाली गेला, दहाच्या खाली गेला, आणि चारवर जाऊन लॅपटॉपनं स्वतः इशारा देऊन डोळे मिटले. शिवमूर्तीनं मांडीवर थाप मारली.

"घ्या गुरुजी. आता पाच टक्क्यापर्यंत बिनघोर चालवा. माझा शबुद."

गुरुजींनी तो शब्द घेतला. आयुष्यभर दुसऱ्याची बेरीज तपासणाऱ्या माणसानं ही एक तपासली नाही.

नागझरवाडीची यात्रा चैत्रातली. चाकूरपासून आत अकरा किलोमीटर, महादेवाचं देऊळ, देवळामागं मैदान. गावानं वर्गणी काढून दोन वर्षांपूर्वी गादी आणली होती, तेव्हापासून शेवटची कुस्ती गादीवर गुणांची व्हायची. त्या साली शेवटची जोड लागली गावच्या मन्मथची आणि औशाच्या तालमीतल्या वीरेशची. मन्मथचा बाप वीरण्णा म्हणजे गावातला सोयाबीनचा व्यापारी. पोराच्या खुराकावर त्यानं चार म्हशी बांधल्या होत्या आणि त्या म्हशींइतकाच अभिमान पोसला होता.

दुपारी चारला जनरेटरनं मान टाकली. डिझेल आणायला गेलेला माणूस यात्रेत कुठं तरी पाळण्यात बसला असावा. गुरुजींनी लॅपटॉपचा आकडा बघितला: बावीस. त्यांनी गादीजवळ पाहुणा म्हणून बसलेल्या शिवमूर्तीकडे पाहिलं. "थांबवू का, जनरेटर येईपर्यंत?"

"बावीस लई झाले," शिवमूर्ती म्हणाला. "लावा."

मग नारळ फुटले, फेटे बांधले, दोन पुढाऱ्यांनी हात वर केले. उन्हामुळे पडदा दिसेना म्हणून गुरुजींनी उजेड पूर्ण वाढवला. कॅमेरा चालू, चित्रण चालू, पंखा घरघरायला लागला. कुस्ती सुरू झाली तेव्हा आकडा अठरावर आला होता.

ती कुस्ती कुस्ती नव्हती, मारामारीच होती. वीरेशनं पहिल्याच पकडीत कपाळ मारून मन्मथची भुवई फोडली. मन्मथनं त्याच्या बरगडीत कोपर घातलं. पंच शिट्ट्या मारून थकला. गादीवर रक्ताचे थेंब पडले ते पुसायला आणलेलं फडकं चिंब झालं. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा वीरेश दोन गुणांनी पुढे होता. मन्मथनं ढाक लावली, वीरेश हवेत गेला, आणि पाठीवर आदळला. वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

शिट्टी आधी की डाव आधी? डाव आधी असेल तर मन्मथ जिंकला. शिट्टी आधी असेल तर वीरेश. दोन्ही बाजू उठल्या. पंचानं हात वर केला आणि गुरुजींकडे बोट दाखवलं: चित्र बघू.

गुरुजींच्या पुढ्यात काळा पडदा होता. पंधरावर तो विझला होता, नेमका डाव लागायच्या आधी.

त्यांनी बटण दाबलं. एकदा दाबलं, काही नाही. थोडं थांबून पुन्हा दाबलं आणि लॅपटॉप चालू झाला. कोपऱ्यात चौदा टक्के. चित्रण अर्धवट तुटलेलं, फाइल उघडेना. आणि हे सगळं वीरण्णा त्यांच्या खांद्यामागं उभा राहून बघत होता.

"बॅटरी संपली म्हन्ता आन चालू कसं झालं?" वीरण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "चौदा टक्के शिल्लक हायत. संपलेली चीज उठून बसती का? मास्तरनं बंद केलं. औशावाल्यांनी मास्तरला फोडलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण यात्रेत भरलेल्या मैदानाला तेवढी ठिणगी पुरते. पहिली खुर्ची कुणी फेकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरी लोखंडी होती. ती गुरुजींच्या कपाळावर बसली आणि ते टेबलासकट खाली गेले.

शिवमूर्तीनं ते पाहिलं आणि पंचवीस वर्षं कसंबसं बांधून ठेवलेलं जनावर सुटलं. समोर आलेल्याचं नाक त्यानं तळहातानं आत दाबलं. दुसरा काठी उगारत होता, त्याचा खांदा त्यानं खोबणीतून काढला. काठी पडली तशी तीच उचलून तिसऱ्याच्या नडगीवर घातली. औशाची पोरं इकडून, वाडीची तिकडून, मध्ये दगड. एक दगड त्याच्या कानशिलावर बसला. डोळ्यापुढे लाल झालं, पण तो थांबला नाही. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. गुरुजींभोवती चार हात जागा मोकळी हवी होती, आणि ती त्यानं माणसं मोडून मोकळी केली. मग गुरुजींना खांद्यावर टाकलं, लॅपटॉपची पिशवी बगलेत मारली, आणि लंगडत जीपपर्यंत पळाला. चाकूरच्या दवाखान्यात गुरुजींना अकरा टाके पडले. पोलीस आले, पण तक्रार कुणीच लिहून दिली नाही. वाडीनं आपला निवाडा आपणच करायचं ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी निरोप आला. सोमवारी देवळापुढं मास्तरनं खुलासा करावा. नाही पटला तर तोंडाला काळं फासून, चपलांची माळ घालून वेशीपर्यंत धिंड. तीस वर्षं ज्या माणसाच्या आकड्यावर सात गावं विश्वास ठेवत होती त्याच्यासाठी हा निरोप होता.

शिवमूर्तीनं लॅपटॉप टेबलावर घेतला. पूर्ण भरला आणि पहिल्यासारखाच नुसता चालू ठेवला. दिवसभर तो त्या आकड्यासमोर जेवणखाण सोडून बसला. वीस, अठरा, सोळा, पंधरा. पंधरावर काही झालं नाही. बारा, नऊ, सहा. चारवर लॅपटॉपनं इशारा दिला आणि शहाण्यासारखा बंद झाला.

मग मैदानात पंधरावर का मेला?

शिवमूर्तीच्या डोक्यात जे आलं ते येऊ नये असं होतं. लॅपटॉप बरा आहे. माझा शब्द बरा आहे. मग बटण कुणी तरी दाबलं. आणि बटणापाशी एकच माणूस होता.

तो तडक गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी कॉटवर, डोक्याला पट्टी. त्यांच्या पत्नी सरोजिनीकाकू त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या.

"गुरुजी, खरं सांगा," शिवमूर्ती उभ्या उभ्या म्हणाला. "औशावाले तुमाला भेटले होते का?"

काकूंच्या हातातला चमचा वाटीवर आपटला. गुरुजींनी काकूंचा हात बाजूला केला.

"तू विचारतोस हे?"

"लॅपटॉप म्या तपासला. दोनदा. चारपर्यंत जातुय. त्यात काई खोट न्हाई."

"म्हणजे खोट माझ्यात."

शिवमूर्तीनं कॉटच्या लोखंडी पायावर लाथ मारली. कॉट हलली, गुरुजी कळवळले. काकू उठल्या, आणि सगळ्या चाकूर तालुक्याला जो माणूस घाबरायचा त्याच्या छातीवर त्यांनी दोन्ही हातांनी धक्का दिला. "चालता हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवलास तर आधी मला मारावं लागेल तुला."

तो गेला. त्या रात्री त्यानं भिंतीला मारलेल्या बुक्कीनं त्याचीच दोन बोटं सुजली.

रविवारी सकाळी त्याला एकच मार्ग दिसत होता: तुटलेल्या फाइलीतून चित्र परत काढायचं. चित्र नेमकं कुठं तुटलं ते दिसलं असतं, ते हातानं थांबवलं की आपोआप तुटलं ते कळलं असतं. काही तरी एक निकाल लागला असता. रात्री त्यानं लॅपटॉप थोडाच वेळ चार्जरला लावला होता. त्यानं चार्जर काढून ठेवला, कारण आकडा उतरताना त्याला पुन्हा एकदा बघायचा होता, आणि फाइल दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लावला. त्या कामाला यंत्राची सगळी ताकद लागते. पंखा घरघरायला लागला. मैदानात घरघरला होता तसाच.

आकडा सतरा झाला, सोळा झाला. पंधरा झाला आणि पडदा काळा पडला.

थोडं थांबून शिवमूर्तीनं सुजलेल्या बोटानं बटण दाबलं. लॅपटॉप चालू झाला. चौदा टक्के.

आता त्यानं व्होल्ट दाखवणारी खिडकी उघडली. यंत्र नुसतं बसलं होतं तेव्हा पावणेअकराच्या आसपास व्होल्ट. काम लावलं की आकडा उतरायचा नाही, कोसळायचा: दहा, साडेनऊ, नऊ, आणि काळोख. काम थांबलं की पुन्हा वर. बटण दाबायचं, काम लावायचं, कोसळताना बघायचं, असं त्यानं तीनदा केलं. अहवालातले सत्तर टक्के खोटे नव्हते. जीव होता, पण ओझं उचलायची ताकद गेली होती. सेल आतून थकले होते. हे गेजचं दुखणं नव्हतंच. गेज हजारदा रीसेट केलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणी. नवी बॅटरीच लागणार होती, आणि ती गुरुजींनी मार्चमध्येच मागितली होती.

काटाच चुकला असता तर बंद पडल्यावर लॅपटॉप चार्जरशिवाय उठलाच नसता, कारण टाकी खरंच रिकामी असती. उठला, म्हणजे ओझं उतरल्यावर बॅटरीला पुन्हा धाप घेता आली. ज्या गोष्टीवरून वाडीनं गुरुजींना चोर ठरवलं तीच गोष्ट त्यांचा निर्दोषपणा सांगत होती. आणि ती मैदानात त्याच्या डोळ्यासमोर घडली होती.

तालमीत नवं पोर आलं तर त्याला चालायला लावून कुणी त्याचा दम मोजत नाही. खांद्यावर माणूस देतात आणि बैठका मारायला लावतात. हे शिवमूर्ती वयाच्या आठव्या वर्षी शिकला होता. आणि बॅटरीला त्यानं टेबलावर आरामात बसवून पास केलं होतं.

सोमवारी सकाळी देवळापुढं शे-सव्वाशे माणसं होती. बऱ्याच हातांत काठ्या होत्या. एका पोराच्या हातात चपलांची माळ तयार होती आणि काळ्या रंगाचा डबा पायरीवर ठेवला होता. गुरुजी रिक्षातून उतरले, एकटेच. शिवमूर्ती आधीच येऊन लिंबाखाली उभा होता. दोघांची नजर भेटली, गुरुजींनी ती काढून घेतली.

"खुलासा मास्तर करनार न्हाईत," शिवमूर्ती म्हणाला. "म्या करनार. मन्मथ, हिकडं ये. माझा हात लागला तर तुमी म्हनाल जादू केली. म्हनून समदं तू करायचं."

भुवईला टाके पडलेला मन्मथ पुढं आला. शिवमूर्तीनं सांगितलं तसं त्यानं कॅमेरा जोडला, पडद्याचा उजेड पूर्ण केला, चित्रण सुरू केलं. आकडा वीस होता.

"पंधराला बंद पडल," शिवमूर्ती म्हणाला. "न्हाई पडला तर ती माळ माझ्या गळ्यात घाला आन मग माझं डोस्कं फोडा."

एकोणीस. कुणी तरी काठी दगडावर आपटत होतं, ठक, ठक. अठरा. वीरण्णा लेकाच्या मागं उभा होता, मैदानात गुरुजींच्या मागं उभा होता तसाच. सतराला फार वेळ गेला. माणसं चुळबुळली, मागून शिवी आली, एक दगड येऊन शिवमूर्तीच्या पाठीला लागला. तो वळला नाही. सोळा. पंखा घरघरत होता.

पंधरा आला. मन्मथ पडद्यावर वाकला. दोन-तीन श्वास काही झालं नाही, आणि मग पडदा विझला. मन्मथचे हात दोन्ही बाजूंना मोकळे होते आणि ते सगळ्या गावानं पाहिले.

"आता कॅमेरा काढ. जरा थांबून बटन दाब."

लॅपटॉप चालू झाला. चौदा टक्के. काठीचा आवाज बंद पडला.

"उजेड कमी कर. आता त्याला नुसतं बसू दे," शिवमूर्ती म्हणाला. वाट बघता बघता आकडा तेरा, बारा, अकरा झाला आणि लॅपटॉप काही मेला नाही. "आता परत कॅमेरा लाव. उजेड वाढव."

मन्मथनं लावला. मिनिट होतं न होतं तोच पडदा काळा.

"माझ्यासारखं हाय ते," शिवमूर्ती म्हणाला. "म्या पन नुसता बसलो तर धडधाकट दिसतो. चालतोबी. खांद्यावर गडी दिला की गुडगा बसतो. बॅटरी म्हातारी झाली. ओझं पडलं की पंधरावर बसती, ओझं काढलं की उठती. मास्तरनं बटन दाबलं न्हाई. मास्तर खरे हायत."

ज्या पोराच्या हातात माळ होती त्यानं ती हळूच पाठीमागं नेली. वीरण्णाचा चेहरा मात्र तसाच होता. पंचानं आधीच्या गुणांवर कुस्ती वीरेशला दिली होती, आणि मन्मथचा डाव आता कुठल्याच चित्रात सापडणार नव्हता.

"म्हातारी झाली हे आधी कळत न्हवतं का?" त्यानं विचारलं. "यात्रेच्या आधी कुनी तपासली न्हवती?"

इथं शिवमूर्तीला गप्प बसता आलं असतं. गुरुजी सुटले होते. यंत्राचा भरवसा काय, असं म्हणून सगळं यंत्रावर ढकलता आलं असतं.

"तपासली होती," तो म्हणाला. "म्या. मास्तर नवी टाकू म्हनत होते. म्या म्हनलो गरज न्हाई, माझा शबुद. त्या दिवशीबी थांबवू का म्हनले. लावा म्हनलो. चूक माझी हाय, सगळी."

वीरण्णानं एका पावलात अंतर तोडलं आणि त्याच्या कानफटात मारली. आवाज देवळाच्या भिंतीवरून परत आला. शिवमूर्तीचे हात उठले. सगळ्या गावानं ते उठताना पाहिले, पुढचे दोघे तर मागं सरकले. आणि मग ते हात खाली आले, पाठीमागं गेले, आणि त्यानं एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं.

वीरण्णानं शेजारच्याची काठी घेतली. पहिली खांद्यावर बसली. दुसरी बरगडीवर, शिवमूर्ती वाकला. तिसरी त्याच उजव्या गुडघ्यावर, आणि तो खाली बसला. चौथ्यांदा काठी वर गेली ती मन्मथनं वरच धरली.

"बास अण्णा," तो म्हणाला. "हात बांधलेल्याला मारताय तुमी."

काठी सुटली. वीरण्णा पायरीवर बसला आणि पोराच्या हरलेल्या कुस्तीसाठी, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडला. काळ्या रंगाचा डबा कुणी तरी उचलून नेला. गर्दी पांगली. गावात पुन्हा या गोष्टीचा विषय निघाला तेव्हा लोक कुस्तीचं नाही, त्या पाठीमागं बांधलेल्या हातांचं बोलू लागले.

शिवमूर्ती लिंबाला टेकून बसला होता. ओठ फुटला होता, गुडघा भरून येत होता. गुरुजी हळूहळू चालत आले आणि त्याच्याशेजारी मातीत बसले. पांढरं धोतर खराब होईल याची त्यांनी फिकीर केली नाही.

"म्या तुमच्यावर शक घेतला," शिवमूर्ती म्हणाला. "मार खाल्ला त्याचं काई न्हाई. ते कसं फेडू?"

"खुर्ची लागली तेव्हा दुखलं नाही इतकं ते दुखलं," गुरुजी म्हणाले. "अजून दुखतंय. सरोजिनी तर तुझं नाव काढू देत नाही." त्यांनी लॅपटॉपची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "नवी बॅटरी टाक. आणि टाकलीस की माझ्यासमोर तपास, कॅमेरा जोडून. तुझा शब्द आता मी असा घेणार नाही."

"हाव."

गुरुजींनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "दुखतंय का?"

"बसल्यावर न्हाई," शिवमूर्ती म्हणाला.

गुरुजी उठले. त्यांनी हात पुढं केला, आणि त्या सत्तर वर्षांच्या काटकुळ्या खांद्यावर शंभर किलोचं ओझं टाकत शिवमूर्ती उभा राहिला. खांदा थरथरला, पण रिक्षापर्यंत टिकला.